'फक्त काही जागा शिल्लक' : एका खोट्या ओळीची किंमत

गेल्या वर्षी मी एक खोटं पोस्टर केलं. बेळगावात, आमच्या घरच्या माडीवर बसून, अमेरिकेतल्या एका मराठी मंडळासाठी. माझी मावशी न्यू जर्सीत राहते आणि तिथल्या एका छोट्या मंडळाच्या कार्यकारिणीत आहे. "अगं, तुमच्या वाङ्मय मंडळाची पत्रकं तूच करतेस ना? मग आमचीही कर की," असं म्हणून तिने मला या कामात ओढलं. तेव्हा त्यांचा एक गाण्यांचा कार्यक्रम होता. कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना निरोप आला, "मोठ्या अक्षरात टाक : जवळजवळ हाउसफुल, फक्त काही जागा शिल्लक." मी टाकलं. लाल पट्टी, पांढरी अक्षरं. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त सभागृह रिकामं होतं, हे मला माहीत होतं. चार दिवसांनी दुसरा निरोप आला, "आता टाक : तिकीट निम्म्या दरात." मी तेही टाकलं.

या लेखात मला जे म्हणायचंय ते त्या दोन पोस्टरांमुळे सुचलं. परदेशातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची प्रसिद्धी खोटं न बोलता करता येते, इतकंच नाही, तर खोटं बोलून ती करताच येत नाही, असं माझं मत आहे. यात नीतीचा उपदेश नाही. हिशेब आहे, आणि तोच इथे मांडते.

आधी हे मंडळ प्रकरण थोडं समजून घेऊ. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचं. म्हणजे ही परंपरा जुनी आहे. पण बहुतेक मंडळं आतून अगदी लहान असतात. पगारी माणूस एकही नाही. दिवसा नोकरी आणि रात्री अकराला बैठक. मावशीच्या मंडळाच्या यादीत साधारण बाराशे कुटुंबं आहेत. गणपतीला तीच, दिवाळीला तीच, नाटकाला तीच. साबण विकणाऱ्याला एक गिऱ्हाईक नाराज झालं तर दुसरं शोधता येतं. मंडळाला शोधता येत नाही. पुढच्या वर्षी दारात पुन्हा तीच बाराशे कुटुंबं असतात, आणि त्यांना गेल्या वर्षीचं सगळं आठवत असतं.

या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, त्यांनी भारतातून दौऱ्यावर येणारं एक दोन अंकी नाटक घेतलं. दौऱ्याची रीत अशी : एक संयोजक संपूर्ण नाट्यसंघ तिकडे आणतो आणि वेगवेगळ्या शहरांतली मंडळं शनिवार-रविवार वाटून घेतात. प्रत्येक मंडळ ठरलेली रक्कम देतं, मग तिकिटं विकली जावोत की न जावोत. मावशीच्या मंडळाचा एकूण खर्च चौदा हजार डॉलर धरला होता. त्यात नाटकाची रक्कम, शाळेचं सभागृह आणि तिथले तंत्रज्ञ, विमा, कलाकारांची राहण्याची सोय, सगळं आलं. सभागृहात ६२० खुर्च्या. सभासद, बिगर-सभासद, विद्यार्थी, लहान मुलं असे वेगवेगळे दर, आणि तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाचं शुल्क वजा जाता एका तिकिटामागे मंडळाच्या हातात सरासरी ३२ डॉलर. चौदा हजाराला बत्तीसने भागा : ४३८. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. ४३८ व्या तिकिटापर्यंत मंडळ कर्जात, त्यानंतर सुटकेचा श्वास.

तारीख ठरवणं हेही प्रसिद्धीचंच काम असतं, हे मला या वेळी कळलं. ऑगस्टच्या शेवटी गणपती. बावीस सप्टेंबरपासून नवरात्र, आणि न्यू जर्सीत गुजराती वस्ती मोठी असल्यामुळे तेव्हाचे सगळे शनिवार-रविवार गरब्याचे. मराठी मुलंही तिकडेच जातात. मग दिवाळी. म्हणून दिवाळी उरकल्यावरचा शनिवार धरला, आठ नोव्हेंबर, दुपारी चार वाजता.

एक ऑगस्टला पहिली घोषणा गेली आणि पहिली चूक माझीच झाली. मी आपल्या सवयीने तारीख लिहिली ८/११. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. तिकडे तो झाला अकरा ऑगस्ट. दोन दिवसांत मावशीला फोन, "अहो, सोमवारी कोण नाटक ठेवतं?" हसू आलं, पण ज्यांनी फोन केला नाही आणि 'सोमवारी जमणार नाही' म्हणून सोडून दिलं, ते किती असतील? तेव्हापासून नियम केला : वार आणि महिना अक्षरात, 'शनिवार, ८ नोव्हेंबर'. दुसरी गोष्ट अक्षरांची. मी पोस्टर उघड्या फाइलमध्ये पाठवलं, तिकडच्या संगणकावर जोडाक्षरं फुटली आणि 'दुसऱ्या'चा 'ऱ' मोडून पडला. मराठी मंडळाच्या पोस्टरवर मराठीच मोडकी, याहून वाईट जाहिरात नाही. म्हणून मजकूर पक्का झाला की चित्र करूनच पाठवायचा.

पहिल्या घोषणेत आम्ही मुद्दाम कलाकारांची नावं दिली नाहीत. समितीत यावरून वाद झाला. "मोठं नाव टाकल्याशिवाय कोण बघणार?" असा प्रश्न रास्त होता. पण अशा नाट्यसंघाला अमेरिकेत येण्यासाठी कलाकारांचा खास व्हिसा लागतो. आधी तिकडे अर्ज मंजूर व्हावा लागतो, मग इथल्या वकिलातीत प्रत्येकाची मुलाखत. एखाद्याचा व्हिसा अडकला तर ऐनवेळी भूमिका बदलावी लागते. नाव छापून माणूस आला नाही, तर तिकिटाचे पैसे परत मागण्याचा हक्क लोकांना आहेच, आणि मागितले नाहीत तरी ते विसरत नाहीत. म्हणून घोषणेत फक्त नाटक, तारीख, जागा. नावं पासपोर्टवर शिक्का बसल्यावर. मला हे आजही बरोबर वाटतं.

तिकीटविक्री सुरू झाली. ऑगस्टअखेरपर्यंत सवलतीचा दर होता. त्यात गेली ९६. सप्टेंबर संपला तेव्हा १३१. बारा ऑक्टोबरला मोजली तर १५०. विक्री मधल्या काळात थंडावतेच. पहिल्या आठवड्यांत ठरलेले लोक घेतात, शेवटच्या दहा दिवसांत ढकलाढकल करणारे घेतात, आणि मध्ये सपाट माळ. पण हा माळ जरा जास्तच सपाट होता. मावशीने ओळखीच्या काही जणांना सरळ विचारलं, "घेतलं का तिकीट?" तीन घरांतून जवळजवळ एकच उत्तर : "घेऊ की. गेल्या वर्षी आम्ही आधी घेतलं आणि मागाहून निम्म्या दरात दिलंत. या वेळी थांबू." एकाने तर म्हटलं, "हाउसफुल म्हणालात, आणि आमच्या पुढची अख्खी रांग मोकळी!"

माझी लाल पट्टी एक वर्षाने परत आली होती.

तेरा ऑक्टोबरच्या बैठकीला मावशीने मलाही फोनवर घेतलं. दोन सूचना होत्या. पहिली, 'फक्त ४० जागा शिल्लक' असं टाकायचं. दुसरी, आताच निम्मा दर करायचा. पहिलीवर मी फार बोलले नाही, मला बोलायला तोंडच नव्हतं. दुसरीवर खजिनदारकाकांनी कागद मांडला, तो मला फार आवडला. १५० तिकिटांचे ४,८०० डॉलर आलेत. राहिले ९,२००. दर निम्मा केला तर, संकेतस्थळाचं शुल्क त्या प्रमाणात कमी होत नसल्यामुळे, एका तिकिटामागे हातात येणार पंधराएक डॉलर. म्हणजे आणखी ६१४ तिकिटं विकावी लागतील. आणि सभागृहात शिल्लक खुर्च्या किती? ४७०. सगळ्या भरल्या तरी तोटा! चालू दरात मात्र २८८ तिकिटं पुरेत. निम्म्या दराने सभागृह भरेल, गल्ला नाही. बैठकीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

मग ठरलं ते असं. एक, खरा आकडा जाहीर करायचा. दुसऱ्या दिवशी जी पोस्ट गेली तिचा मजकूर मी लिहिला : "आतापर्यंत १५० तिकिटं गेली आहेत. नाटकाचा खर्च निघायला ४३८ लागतात. दर शेवटपर्यंत कमी होणार नाही. दारात घेतलंत तर पाच डॉलर जास्त पडतील." बस. काहींना हे भीक मागितल्यासारखं वाटलं. "मंडळाची लाज जाते," असं एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. मला ती शंका समजते. रिकामं सभागृह दिसलं तर लोक म्हणतात, नाटक बरं नसेल. पण इथे लोक नाटकाबद्दल शंकित नव्हतेच. ते आमच्या शब्दाबद्दल शंकित होते. आणि 'दर कमी होणार नाही' ही ओळ त्यांच्यासाठी होती.

दोन, बारा स्वयंसेवकांनी प्रत्येकी दहा घरांची यादी घ्यायची आणि फोन करायचा. गटावर निरोप टाकायचा नाही, घरी फोन. शिवाय फोनवर लोक जे प्रश्न विचारतील ते लिहून मला पाठवायचे.

ते प्रश्न वाचून माझे डोळे उघडले. दोन महिने मी 'धमाल विनोदी', 'चुकवू नये असा' असलं लिहीत होते. लोक विचारत होते : किती वेळ चालतं? आठ वर्षांच्या मुलाला कळेल का, की मध्येच बाहेर न्यावं लागेल? कडेवरच्या बाळालाही तिकीट का? जेवण आहे का, नाहीतर घरी येऊन रांधायचं? माझा नवरा मराठी नाही, त्याला गोष्ट समजेल का? आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न : आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना घेऊन कोण जाईल? हे आई-बाबा सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले असतात. मराठी नाटकाची हौस सगळ्यात जास्त त्यांना, वेळही त्यांनाच, पण गाडी चालवता येत नाही आणि मुलाला शनिवारी काम असतं. आमच्या एकाही पोस्टमध्ये त्यांचा उल्लेख नव्हता.

मग पुढच्या पोस्ट म्हणजे या प्रश्नांची उत्तरं झाली. एका पोस्टला एकच उत्तर. "सव्वादोन तास, मध्ये पंधरा मिनिटं. साडेसहाला मोकळे." "अग्निसुरक्षेच्या नियमाने सभागृहात डोकी मोजतात, म्हणून बाळालाही तिकीट आहे, पण ते मोफत. बाळ असेल तर कडेची खुर्ची मागा." "गोष्ट इंग्रजीत एका पानावर दारात मिळेल." आणि, "आई-बाबांना आणायला गाडी हवी आहे? गावाचं नाव कळवा." या शेवटच्या पोस्टला सर्वात कमी लोकांनी अंगठा दाखवला आणि तिच्यामुळे सर्वात जास्त फोन आले.

दराचंही एक सांगायला हवं. सुरुवातीला आम्ही ३५ डॉलर लिहिलं होतं आणि पैसे भरताना शेवटच्या पानावर शुल्क धरून ३९ होत. लोक तिथून मागे फिरत. समितीतल्या एका वकीलबाईंनी सांगितलं की मे २०२५ पासून अमेरिकेत कार्यक्रमांच्या तिकिटांवर शुल्कासकट एकूण दर आधीच दाखवणं कायद्याने बंधनकारक झालंय. मग सगळीकडे ३९ च लिहिलं. आकडा मोठा दिसला, पण तक्रारी थांबल्या.

आता निकाल. आम्ही प्रत्येक मार्गासाठी तिकिटाचा दुवा वेगळा ठेवला होता : सभासदांच्या ईमेलचा वेगळा, फोन करणाऱ्यांचा वेगळा, किराणा दुकानातल्या पोस्टरवरचा वेगळा. त्यामुळे कोण कुठून आलं हे अंदाजाने सांगावं लागलं नाही. एकूण ४६८ तिकिटं गेली. ईमेलमधून ९६, सगळी सवलतीच्या काळातली. फोनवरून ६८ घरं मिळाली आणि २०४ तिकिटं. रविवारच्या मराठी शाळेच्या पालकांमधून ६३. फेसबुक-इन्स्टाग्रामवरून ३६. दुकानातल्या पोस्टरवरून २४. दारात ४५. ज्या पोस्टरांसाठी मी रात्री जागवल्या त्यांच्या वाट्याला, दुकानातली आणि पडद्यावरची मिळून, साठ. हजारो लोकांनी ती पाहिली असं यंत्र सांगत होतं. पण पाहणं वेगळं आणि येणं वेगळं.

मंडळाला ९७६ डॉलर उरले. थोडेच, पण उरले.

यावरून 'समाजमाध्यमं निरुपयोगी' असा निष्कर्ष कुणी काढू नये. फोन आल्यावर लोक पुन्हा पोस्टरकडेच जात होते, वेळ आणि जागा बघायला. पोस्टर माहिती देतं, आमंत्रण माणूस देतो. आणि ही गोष्ट बाराशे घरांच्या मंडळाची आहे हेही लक्षात ठेवावं. मोठ्या गायकाचा हजारो खुर्च्यांचा व्यावसायिक कार्यक्रम असेल तर दहा-दहा घरांच्या याद्या पुरणार नाहीत. तिथलं गणित निराळं.

शेवटचा भाग कार्यक्रमानंतरचा. बहुतेक मंडळांत तो कंटाळत उरकतात. महिन्याभराने ऐंशी फोटोंचा एक ढीग टाकतात. त्यात तीस दीपप्रज्वलनाचे, वीस शालीचे. खाली साठ नावांचे आभार. ज्याचं नाव राहिलं तो रुसतो, बाकीचे वाचत नाहीत. आम्ही दोन दिवसांत एक छोटा वृत्तान्त टाकला आणि पाच फोटो. पहिला फोटो प्रेक्षकांचा, पाठमोऱ्या भरलेल्या रांगांचा. मुलांचे चेहरे असलेला एकच फोटो होता, तो पालकांना विचारून. प्रयोगाची ध्वनिचित्रफीत एका सेकंदाचीही नाही. एका उत्साही सभासदाने शेवटच्या प्रवेशाचं चित्रण फोनवर केलं होतं आणि गटावर टाकायच्या बेतात होता. त्याला मावशीने थांबवलं, कारण एकतर ते नाटकवाल्यांच्या हक्काचं, आणि दुसऱ्या दिवशी तोच संघ दुसऱ्या शहरात तेच नाटक करणार होता. तिथल्या मंडळाचं ४३८ वं तिकीट कदाचित अजून विकलं गेलेलं नसेल. आपण शेवट फोडायचा?

वृत्तान्तात आम्ही तीन गोष्टी प्रामाणिकपणे लिहिल्या. किती लोक आले आणि किती पैसे उरले. पडदा पंचवीस मिनिटं उशिरा उघडला, कारण दारात तिकीट तपासायला दोनच माणसं होती. पुढच्या वेळी पाच असतील. आणि मध्यंतरात चहा संपला. 'गेल्या वर्षी निम्मा दर केला तो चुकला' हेही लिहावं, असं मी सुचवलं होतं. समितीने ते गाळलं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण खाली पहिलीच प्रतिक्रिया आली ती अशी : "या वेळी बोललात तसं केलंत. दिवाळी अंकाचे पैसे कुठे भरायचे?"

आपल्या वाङ्मय मंडळाची यादी तर बाराशेचीही नाही. तेच वर्ग, तेच मित्र, तेच सर आणि मॅडम. मागच्या व्याख्यानाच्या वेळी मी सूचनाफलकावर लिहिलं होतं, 'लवकर या, जागा मर्यादित'. आपल्या सभागृहात त्या दिवशी किती खुर्च्या मोकळ्या होत्या, ते तुम्हीही पाहिलंत.

पुढच्या कार्यक्रमाचा कागद मीच लावणार आहे. त्यावर वार असेल, वेळ असेल, किती वेळ चालेल ते असेल. आणि जागा भरपूर असतील तर 'जागा भरपूर आहेत' असंच असेल.